महोत्सवाचा एक परिच्छेद: प्रायोजक आणि तिकीटधारकांसाठीच्या निवेदनाच्या प्रकल्प नोंदी

28 नोव्हेंबर 2024, गुरुवार

विधानसभा निवडणुकीची गडबड संपल्यावर आज महाविद्यालयाच्या वार्षिक सांस्कृतिक महोत्सवाची पहिली बैठक झाली आणि तारखा ठरल्या. महोत्सव 23 ते 25 जानेवारी 2025 या तीन दिवसांत, म्हणजे गुरुवार ते शनिवार, महाविद्यालयाच्या मैदानावर होईल. 26 जानेवारीला सकाळी त्याच मैदानावर ध्वजवंदन असल्यामुळे 25 तारखेच्या रात्रीच रंगमंच उतरवावा लागणार आहे आणि कार्यक्रम एक दिवस पुढे ढकलण्यास अजिबात वाव नाही. एरवी मोठ्या कार्यक्रमासाठी आम्ही संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाचा विचार केला असता, परंतु 8 ऑगस्टच्या रात्री लागलेल्या आगीत ते जळाल्यामुळे यंदा कोल्हापुरातल्या अनेक संस्थांप्रमाणे आम्हालाही उघड्या मैदानाचाच आधार आहे.

प्रसिद्धी समितीकडे आलेले काम वरवर पाहता लहान आहे. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर जाणाऱ्या भित्तिपत्रकाच्या चित्राखाली टाकायचा, प्रायोजकांना आणि तिकीट घेणाऱ्यांना एकाच वेळी निमंत्रण देणारा मजकूर तयार करायचा आहे. त्यात तारखा असाव्यात आणि संपर्क कसा करायचा ते स्पष्ट असावे, एवढीच सूचना आहे. सांस्कृतिक विभागाच्या मॅडमनी मात्र निघताना बजावले की मजकूर चित्रापासून सुटा पडून फिरतो, म्हणून चित्र हाताशी नसतानाही तो पूर्ण समजला पाहिजे. या कामाची खरी कसोटी हीच आहे, असे मला वाटते.

3 डिसेंबर 2024, मंगळवार

गेल्या वर्षीचा मजकूर दप्तरातून काढून वाचला. त्याची सुरुवात अशी आहे: «दरवर्षीप्रमाणे यंदाही आपल्या महाविद्यालयाचा सांस्कृतिक महोत्सव मोठ्या उत्साहात संपन्न होत आहे, तरी सर्व रसिकांनी व दानशूर व्यक्तींनी…» पुढे चार ओळींनंतर तारीख येते, ती «येत्या शुक्रवारपासून» अशी, आणि तिकिटांबद्दल «उद्यापासून विक्री सुरू» असे म्हटले आहे. शेवटी दोन विद्यार्थ्यांची नावे आणि त्यांचे खासगी मोबाइल क्रमांक आहेत.

यातील प्रत्येक दोषाचा परिणाम नोंदवहीत दिसतो. «उद्यापासून» हा शब्द ज्या दिवशी लिहिला गेला त्या दिवसापुरताच खरा होता, पण व्हॉट्सॲपवर तो मजकूर आठवडाभर पुढे पाठवला जात राहिला आणि प्रत्येक वाचकाचा उद्या वेगळा ठरला. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश पहिल्या 15 मिनिटांतच दुरुस्त करता येतो आणि पुढे पाठवलेल्या प्रतींवर तर मूळ पाठवणाऱ्याचा काहीच ताबा राहत नाही. त्यामुळे उद्या, येत्या, लवकरच, काही दिवसांत या शब्दांना या मजकुरात थारा द्यायचा नाही, असे ठरवले. प्रत्येक तारखेसोबत वार आणि वर्ष लिहायचे. वर्ष लिहिणे अनावश्यक वाटते खरे, पण जुन्या महोत्सवाच्या प्रतीही समूहांमध्ये पडून असतात आणि जानेवारी दरवर्षी येतो.

9 डिसेंबर 2024, सोमवार

मजकूर ज्यांच्यासाठी आहे त्यांना आधी ऐकावे म्हणून आम्ही राजारामपुरीतील काही दुकाने आणि खासगी शिकवणी वर्ग गाठले. दिवाळीनंतर कपड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानदारांचा जाहिरातीचा खर्च बहुधा आटोपलेला असतो, म्हणून त्यांच्याकडून फार अपेक्षा नव्हती. शिकवणी वर्गांचा हिशेब वेगळा असतो, कारण पुढच्या वर्षाच्या प्रवेशांची त्यांची मोहीम जानेवारीतच जोर धरते आणि त्यांचे संभाव्य विद्यार्थी नेमके आमच्या मैदानावर जमणार असतात. दुचाकी विक्रेते, चष्म्यांची दुकाने आणि कॅफे यांनाही तरुण गर्दी हवी असते.

एका चष्म्याच्या दुकानातले मालक आमचे दोन मिनिटे ऐकून म्हणाले, “किती लागणार ते आधी सांगा की, मग बोलू.” त्यांना वाटत होते की प्रायोजक होणे म्हणजे लाखाची बात आहे. पाच हजार रुपयांत प्रवेशद्वाराजवळ फलक लावता येतो हे कळल्यावर मात्र फलकाचे माप किती आणि तो तिन्ही दिवस राहणार का, असे नेमके प्रश्न त्यांनी विचारले. यावरून एक गोष्ट पक्की झाली. वरच्या श्रेणींचे आकडे निवेदनात देण्याची गरज नाही, कारण मुख्य प्रायोजकाशी बोलणी समोरासमोरच होतात आणि आधी जाहीर केलेला आकडा घासाघिशीची सुरुवात ठरतो. पण सर्वांत लहान रक्कम लिहिलीच पाहिजे, नाहीतर छोटा दुकानदार हे आपल्यासाठी नाही असे समजून पुढे सरकतो.

जवळजवळ सर्वांनी दुसरा प्रश्न विचारला तो गर्दीचा. गेल्या वर्षीच्या मजकुरात «हजारोंची उपस्थिती» असे होते. यंदा मैदानावर खुर्च्या 1,200 बसतील असे मंडपवाल्याने माप घेऊन सांगितले आहे, म्हणून निवेदनात आसनांची संख्याच द्यायची. ज्या आकड्याची खात्री दुकानदार स्वतः येऊन करू शकतो, तोच त्याच्या उपयोगाचा असतो.

14 डिसेंबर 2024, शनिवार

आजचा दिवस संपर्काच्या प्रश्नावर गेला आणि तो जाणे योग्यच होते. खासगी क्रमांक देण्यास माझा विरोध होता. एकतर क्रमांक एकदा जाहीर झाला की महोत्सव संपल्यावरही महिनोन्महिने त्यावर अनोळखी संदेश येत राहतात, आणि विद्यार्थिनींच्या बाबतीत हा त्रास केवळ गैरसोयीपुरता मर्यादित राहत नाही. दुसरे म्हणजे तो विद्यार्थी तासाला किंवा परीक्षेला बसला की प्रायोजकाला उत्तर द्यायला कोणी उरत नाही. शेवटी महाविद्यालयाच्या नावाने एक नवे सिम घेऊन ते कार्यालयातील फोनमध्ये बसवले आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू केले. कामाच्या दिवशी सकाळी 11 ते संध्याकाळी 5 या वेळेत समितीतील एकजण तिथे बसेल. निवेदनात क्रमांकाशेजारी पदनाम येईल, व्यक्तीचे नाव येणार नाही.

दोन वाचकांसाठी दोन क्रमांक घ्यावेत अशी एक सूचना होती. ती खर्चिक आणि गोंधळाची ठरली असती, कारण घाईत वाचणारा माणूस पहिला दिसेल तोच क्रमांक लावतो. त्याऐवजी एकाच क्रमांकाचे दोन दुवे केले. व्हॉट्सॲपच्या `wa.me` दुव्यात क्रमांकापुढे मजकूर जोडता येतो. दुवा उघडल्यावर तो शब्द संदेशाच्या चौकटीत आपोआप येतो आणि वाचकाला फक्त पाठवा हे बटण दाबावे लागते.

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=SPONSOR
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=TICKET
```

क्रमांक या नोंदीत गाळला आहे. दुव्यात देशाचा संकेतांक 91 थेट लिहायचा असतो. अधिकचे चिन्ह, सुरुवातीचे शून्य किंवा मधली रेघ घातल्यास दुवा बिघडतो. जोडलेला शब्द देवनागरीत ठेवण्याची इच्छा होती, परंतु दुव्यात देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह टक्केवारीच्या खुणांसह नऊ रोमन चिन्हांत रूपांतरित होते, म्हणजे `प्रायोजक` एवढ्या एका शब्दाने दुवा दोन ओळींचा होतो आणि पाहणाऱ्याला तो संशयास्पद वाटतो. म्हणून तेवढे दोन शब्द रोमन लिपीत राहू दिले. आलेल्या संदेशाच्या पहिल्याच शब्दावरून त्याला प्रायोजक किंवा तिकीट असे लेबल लावता येते, त्यामुळे कार्यालयात बसणाऱ्याला वेगळी वही ठेवावी लागणार नाही.

पैशांचा मार्गही आजच ठरला. रक्कम केवळ महाविद्यालयाच्या बँक खात्यावर घेतली जाईल आणि हे वाक्य निवेदनात स्पष्टपणे येईल, कारण क्यूआर संकेत कोणीही बदलून पुढे पाठवू शकतो. पैसे देणाऱ्याने पडद्यावर दिसणारे खातेदाराचे नाव वाचावे, अशी अपेक्षा आहे.

19 डिसेंबर 2024, गुरुवार

तिकीट दराची आणि परवानग्यांची चर्चा लेखापाल आणि उपप्राचार्य सर यांच्यासोबत झाली. दिवसाच्या स्पर्धा सर्वांना मोफत असतील, तिकीट फक्त 24 आणि 25 जानेवारीच्या सायंकाळच्या कार्यक्रमांना राहील. दर 300 रुपये, ओळखपत्र दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला 150 रुपये. नाटक, नृत्य आणि संगीताच्या कार्यक्रमांच्या प्रवेशशुल्कावर प्रतिव्यक्ती 500 रुपयांपर्यंत वस्तू व सेवा कर माफ असल्यामुळे या दरात आणखी काही मिळवावे लागणार नाही. प्रायोजकत्वाच्या रकमेला मात्र ही सूट नाही, म्हणून तिथे «लागू कर वेगळा» असे लिहावे, असा लेखापालांचा आग्रह होता. आधी सांगितलेले बरे असते, नाहीतर पावती करताना वाद होतो.

खरा मुद्दा सरांनी काढला. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शैक्षणिक संस्थेतील विद्यार्थी आणि शिक्षकांच्या सादरीकरणाला सवलत आहे, पण ती प्रेक्षक संस्थेचे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक यांच्यापुरते मर्यादित असतील तेव्हाची. आमचे निवेदन तर शहरातल्या कोणालाही तिकीट घ्यायला बोलावते. म्हणजे हा मजकूर प्रसिद्ध झाला की त्या सवलतीवर विसंबता येणार नाही आणि गाण्यांसाठी रीतसर परवाना घ्यावा लागेल. परवान्याचा अर्ज मार्गी लागेपर्यंत तिकिटाचे निवेदन बाहेर जाऊ नये, असे ठरले. चार ओळींच्या मजकुराचा असा कायदेशीर परिणाम होतो, याकडे बहुतेक प्रसिद्धी समित्यांचे लक्षच जात नाही.

वेळेबद्दलही निर्णय झाला. मैदान उघडे असल्याने रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून कार्यक्रम संध्याकाळी 6 ला सुरू करून 9.30 ला संपवायचा आणि संपण्याची वेळही निवेदनात द्यायची. मुलींना घरून परवानगी मिळण्यासाठी ही दुसरी वेळ पहिलीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

23 डिसेंबर 2024, सोमवार

मसुदा फोनवर प्रत्यक्ष लावून पाहिला. इन्स्टाग्रामवर मजकुराला 2,200 अक्षरचिन्हांची मर्यादा आहे आणि ती आम्हाला पुरेशी आहे. अडचण मर्यादेची नसून घडीची आहे. चित्राखाली पहिल्या जेमतेम दोन ओळी दिसतात आणि उरलेला मजकूर वाचकाने बोट लावल्याशिवाय उघडत नाही. त्या दोन ओळींत काय बसवायचे यावरच समितीत सर्वाधिक वाद झाला. एका गटाला महाविद्यालयाचे पूर्ण नाव प्रथम हवे होते. आमच्या संस्थेचे नाव संस्थापकांच्या उपाध्यांसह एवढे लांब आहे की दोन्ही ओळी त्यातच संपतात, आणि खात्याच्या नावाने ते वर दिसतेच. शेवटी तारीख, शहर आणि कोणाला बोलावले आहे एवढेच पहिल्या ओळींत ठेवले.

दुसरा वाद क्रमाचा होता. तिकीट घेणारे संख्येने जास्त, म्हणून त्यांना वर घ्यावे असे अनेकांचे मत होते. पण प्रायोजकाची मुदत आधी संपते, कारण त्याचे बोधचिन्ह तिकिटावर आणि कमानीवर छापायचे तर 10 जानेवारीपर्यंत ते छपाईला गेलेच पाहिजे. तिकीट घेणारा सहसा शेवटच्या आठवड्यात ठरवतो. ज्याची मुदत आधी त्याचा परिच्छेद वर, आणि मुदत संपल्यावर तो परिच्छेद काढून टाकायचा, असा तोडगा निघाला. इन्स्टाग्रामवर प्रसिद्ध झालेला मजकूर नंतर बदलता येतो, चित्र मात्र बदलता येत नाही. म्हणून चित्रावर महोत्सवाच्या तीन तारखा आणि ठिकाण एवढेच ठेवले आणि दर, मुदत, शिल्लक तिकिटे अशा बदलणाऱ्या सर्व बाबी मजकुरात घेतल्या.

आणखी एक बारीक भाग लक्षात आला. इन्स्टाग्रामच्या मजकुरातील दुवा बोट लावून उघडत नाही, त्यामुळे तिथे दोन्ही दुवे खात्याच्या परिचयात द्यावे लागतात आणि मजकुरात तसे सांगावे लागते. तोच मजकूर जशाचा तसा व्हॉट्सॲपवर गेला तर «परिचयातील दुवा पाहा» हे वाक्य तिथे निरर्थक ठरते. म्हणून दोन प्रती केल्या, ज्यांत फरक फक्त संपर्काच्या ओळींचा आहे.

27 डिसेंबर 2024, शुक्रवार

माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांचे काल रात्री निधन झाले आणि 1 जानेवारीपर्यंत राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला आहे. 30 तारखेला निवेदन प्रसिद्ध करायचे होते, ते आता 2 जानेवारीला जाईल. प्रायोजकांचे तीन दिवस कमी झाले, परंतु मुदत पुढे ढकलली तर छपाई हुकते, म्हणून 10 जानेवारी तशीच ठेवली. मधल्या काळात राजारामपुरीत भेटलेल्या दुकानदारांना श्रेणीपत्रक छापील स्वरूपात हातोहात दिले जाईल.

2 जानेवारी 2025, गुरुवार

गाण्यांच्या परवान्याचा अर्ज मार्गी लागला आणि आज सकाळी निवेदन प्रसिद्ध झाले. व्हॉट्सॲपची प्रत, क्रमांक आणि संस्थेचे नाव गाळून, अशी आहे:

> 23, 24 व 25 जानेवारी 2025, कोल्हापूर. महाविद्यालयाच्या सांस्कृतिक महोत्सवासाठी प्रायोजक आणि प्रेक्षक, दोघांनाही आग्रहाचे निमंत्रण.
>
> प्रायोजकांसाठी: 1,200 आसनांच्या मैदानावर तीन दिवस आपला फलक, दालन किंवा तिकिटावर बोधचिन्ह. सहभाग ₹5,000 पासून, लागू कर वेगळा. नोंदणीची मुदत शुक्रवार, 10 जानेवारी 2025, संध्याकाळी 5 पर्यंत. त्यानंतर छपाई सुरू होत असल्याने नोंदणी घेता येणार नाही. श्रेणीपत्रकासाठी: [प्रायोजकांचा दुवा]
>
> प्रेक्षकांसाठी: दिवसाच्या स्पर्धांना प्रवेश मोफत. शुक्रवार, 24 व शनिवार, 25 जानेवारी 2025 च्या सायंकाळच्या कार्यक्रमांना (6 ते 9.30) तिकीट ₹300, ओळखपत्रासह विद्यार्थ्यांना ₹150, प्रत्येक सायंकाळचे वेगळे. विक्री सोमवार, 6 जानेवारी 2025 पासून महाविद्यालयाच्या कार्यालयात, कामाच्या दिवशी 11 ते 5, किंवा: [तिकिटांचा दुवा]
>
> पैसे केवळ महाविद्यालयाच्या बँक खात्यावर स्वीकारले जातात. कोणत्याही विद्यार्थ्याच्या खासगी खात्यावर रक्कम पाठवू नये. संपर्क: प्रसिद्धी समिती, कार्यालयीन क्रमांक.

«प्रत्येक सायंकाळचे वेगळे» हे तीन शब्द शेवटच्या वाचनात एका प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनीने सुचवले. तिला मसुदा वाचून एका तिकिटात दोन्ही दिवस असतील असे वाटले होते, आणि मजकूर रचणाऱ्या आम्हा कोणालाच ती शंका आली नव्हती. निवेदन कामाशी संबंध नसलेल्या एका तरी माणसाला वाचायला द्यावे, ते यासाठी.

7 जानेवारी 2025, मंगळवार

दोन्ही लेबलांखाली संदेश येत आहेत. प्रायोजकांच्या बाजूने संख्या कमी आहे, पण विचारणा नेमकी आहे. फलकाचे माप, दालनाला वीज मिळेल का, पावती कोणत्या नावाने, असे प्रश्न येतात. म्हणजे मजकुराने पहिली चाळणी केली आहे. तंबाखूजन्य वस्तूंशी संबंधित एका विचारणेला नकार कळवला, कारण तशा प्रायोजकत्वाला कायद्यानेच बंदी आहे.

तिकिटांच्या बाजूला एक प्रश्न वारंवार येतो, तो लहान मुलांच्या तिकिटाचा. मैदानावर आसन घेणाऱ्या प्रत्येकाला तिकीट, मांडीवर बसणाऱ्याला नाही, असे ठरवून ते वाक्य इन्स्टाग्रामच्या मजकुरात आज जोडले.

11 जानेवारी 2025, शनिवार

प्रायोजकांची मुदत काल संपली, त्यामुळे त्यांचा परिच्छेद काढून त्या जागी प्रायोजकांची नावे दिली आणि तिकिटांचा परिच्छेद वर आणला. परिचयातील पहिला दुवाही काढला. व्हॉट्सॲपवरच्या प्रती अर्थातच तशाच फिरत आहेत, पण त्यांत मुदतीची तारीख, वार आणि वर्ष लिहिलेले असल्याने उशिरा आलेल्या दोघांनी वाद न घालता पुढच्या वर्षीसाठी नाव नोंदवायला सांगितले.

18 जानेवारी 2025, शनिवार

25 तारखेच्या सायंकाळची तिकिटे आज दुपारी संपली. इन्स्टाग्रामच्या पहिल्याच ओळीत तसे लिहिले, कारण घडीखाली लिहिलेले कोणी वाचणार नाही. व्हॉट्सॲपच्या जुन्या प्रती वाचून अजूनही लोक विचारणा करतील, म्हणून कार्यालयीन क्रमांकावरचा आपोआप जाणारा स्वागत संदेश बदलला आहे: «शनिवार, 25 जानेवारी 2025 ची सर्व तिकिटे संपली आहेत. शुक्रवार, 24 जानेवारी 2025 ची तिकिटे उपलब्ध आहेत.» शुक्रवारची तिकिटे संपली की दुसरे वाक्य कोणी बदलायचे, हे सोमवारच्या पाळीच्या तक्त्यात लिहून ठेवले आहे.